‘दशांश अपूर्णांक’: पुस्तकातल्या प्रकरणापासून घटक नियोजनापर्यंत

पाचवी-सहावीच्या गणितात ‘दशांश अपूर्णांक’ हा घटक आला की पुष्कळ टाचणवह्यांत त्याचे नियोजन सारखेच दिसते. ओळख दोन तासिका, स्थानिक किंमत एक, तुलना एक, बेरीज-वजाबाकी चार, सराव दोन, शेवटी चाचणी. पुस्तकातले उपमथळे खाली उतरवायचे आणि प्रत्येकापुढे तासिकांचा आकडा टाकायचा, एवढ्यावर काम भागते. पण प्रकरण संपल्यावर मुलांना नेमके काय यायला हवे आणि ते येते आहे हे आपल्याला कशावरून कळणार, हे अशा नियोजनात कुठेच ठरलेले नसते. वर्गात काय करायचे ते या दोन प्रश्नांच्या उत्तरांतूनच निघते. म्हणून नियोजन शेवटाकडून सुरुवातीकडे करावे: आधी उद्दिष्टे, लगेच त्यांच्यावरचे प्रश्न आणि मग कृती. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी १९९८ मध्ये ही रीत पुस्तकरूपाने मांडली. आपल्याकडच्या बारा तासिकांच्या घटकालाही ती उत्तम लागू पडते. दशांश अपूर्णांकाचेच उदाहरण शेवटपर्यंत नेऊन ती पाहू.

प्रकरण वाचताना सुरुवात पहिल्या पानापासून करू नका, सरावसंचांपासून करा. हातात पेन्सिल घ्या आणि प्रत्येक उदाहरणाशेजारी ते सोडवायला मुलाला काय समजलेले असावे लागते, ते दोन शब्दांत लिहा. ‘स्थानिक किंमत’, ‘तुलना’, ‘बेरीज, स्थळे सारखी’, ‘बेरीज, स्थळे वेगळी’, असे. सगळे सरावसंच झाले की मोजा. बेरीज-वजाबाकीची उदाहरणे भरपूर आणि तुलनेची मोजकी, असे चित्र बहुधा दिसेल. त्यातही दोन्ही संख्यांत दशांश चिन्हापुढे सारखेच अंक असलेली उदाहरणे किती आहेत ते वेगळे मोजा. १२.३५ + ४.२० हे उदाहरण दशांश अपूर्णांक अजिबात न समजलेले मूलही बरोबर सोडवते. १२३५ आणि ४२० यांची बेरीज करायची आणि खालच्या ओळीत टिंब जिथल्या तिथे द्यायचे, इतकेच त्याला करावे लागते. असे वीस हिशोब बरोबर आले तरी मुलाला काय कळले आहे हे आपल्याला समजत नाही.

या मोजणीतून प्रकरणाचा कणा हाती लागतो. सगळे प्रकरण एका कल्पनेवर उभे आहे: डावीकडून उजवीकडे जाताना प्रत्येक स्थान आधीच्या स्थानाच्या दहाव्या भागाचे असते, आणि एककापाशी हा क्रम थांबत नाही, पुढे चालू राहतो. शतक, दशक, एकक, मग दशांश, मग शतांश. तुलना, बेरजेत चिन्हाखाली चिन्ह मांडणे, ०.४ आणि ०.४० सारखे असणे, हे सगळे त्यातूनच येते. ज्या मुलाला ही कल्पना पटलेली नाही ते प्रत्येक गोष्ट स्वतंत्र नियम म्हणून पाठ करते आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ते नियम एकमेकांत मिसळून टाकते.

आता उद्दिष्टे. पुस्तकाच्या सुरुवातीला दिलेल्या अध्ययन निष्पत्ती आधी पाहून घ्या, पण त्या जशाच्या तशा उतरवू नका. वर्षभराच्या कामासाठी लिहिलेल्या असल्याने त्या रुंद असतात, घटकासाठी त्यांचा एक तुकडा धारदार करून घ्यावा लागतो. ‘विद्यार्थ्यास दशांश अपूर्णांकाचे ज्ञान होते’ हे वाक्य वहीत शोभते, पण ते घडले की नाही हे वर्गात कुणालाच दिसत नाही. त्याऐवजी मूल काय करताना दिसेल ते लिहा. या घटकाला चार उद्दिष्टे पुरतात. पहिले, पट्टी किंवा चौकट यांचा दाखवलेला भाग मूल दशांश रूपात लिहिते आणि दिलेला दशांश अपूर्णांक पट्टीवर दाखवते. दुसरे, संख्येतल्या कोणत्याही अंकाची स्थानिक किंमत सांगते आणि ०.४ व ०.४० समान का, हे चित्राने दाखवते. तिसरे, दशांश स्थळांची संख्या वेगळी असलेल्या दोन अपूर्णांकांतला मोठा ओळखते आणि कारण देते. चौथे, स्थळांची संख्या वेगळी असलेल्या संख्यांची बेरीज-वजाबाकी मापांच्या उदाहरणांत करते. तिसऱ्या आणि चौथ्या उद्दिष्टातले ‘वेगळी असलेल्या’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. ते गाळले तर दोन्ही उद्दिष्टे पूर्ण संख्यांच्या ज्ञानावर निभावून जातात.

प्रत्येक उद्दिष्ट लिहिल्याबरोबर त्याच्यापुढे प्रश्नही लिहा. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी नाही, आत्ताच. प्रश्न चांगला आहे का, हे ओळखायची खूण अशी: न समजलेल्या मुलाचे उत्तर समजलेल्या मुलाच्या उत्तरापेक्षा वेगळे यायला हवे. त्यासाठी मुले कशी चुकतात हे ठाऊक असावे लागते, आणि दशांश अपूर्णांकांच्या बाबतीत ते चांगलेच ठाऊक आहे. मेलबर्न विद्यापीठातल्या के स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी या विषयावर बराच काळ काम केले. तुलना करताना मुले सरसकट गोंधळत नाहीत, ती ठरावीक समजुतींनुसार उत्तरे देतात, हे त्यांच्या कामातून पुढे आले. त्यांतल्या दोन समजुती आपल्या वर्गांतही सर्रास भेटतात. चिन्हापुढे जास्त अंक म्हणजे संख्या मोठी, ही एक. पंचेचाळीस पाचाहून मोठे, तेव्हा ०.४५ हे ०.५ पेक्षा मोठे, असे हे मूल म्हणते. दुसरी बरोबर उलटी. शतांश दशांशाहून लहान असतो हे मुलाने ऐकलेले असते, त्यावरून जी संख्या शतांशापर्यंत जाते ती लहानच, असे ते ठरवते. त्याच्या मते २.८६ हे २.३ पेक्षा लहान.

या दोन्ही मुलांना ‘३.२५ आणि ३.५२ यांत मोठी संख्या कोणती?’ असे विचारा. दोघेही बरोबर सांगतील. फक्त ‘०.५ की ०.४५?’ विचारा. दुसऱ्या समजुतीचे मूल ०.५ हे बरोबर उत्तर चुकीच्या कारणाने देईल आणि आपण त्याला समजलेल्यांत मोजू. म्हणून एका प्रश्नाने भागत नाही, प्रश्नांची जोडी लागते. मी तीन जोड्यांची चिठ्ठी सुचवते: (१) ०.५ आणि ०.४५, (२) २.३ आणि २.८६, (३) ०.३ आणि ०.३०. प्रत्येक जोडीत मधे <, > किंवा = हे चिन्ह घालायचे आणि कोणत्याही एका जोडीचे कारण एका वाक्यात लिहायचे. पाच मिनिटांचे काम.

बेरजेसाठीही असेच प्रश्न शोधा. ३.४ + ०.२५ याचे उत्तर ३.६५. कुणी ३.२९ लिहिले, तर चिन्हाच्या दोन्ही बाजू त्याला दोन स्वतंत्र संख्या वाटतात, कारण ४ आणि २५ मिळून २९. कुणी ०.५९ किंवा ५.९ लिहिले, तर त्याने पूर्ण संख्यांसारखे उजव्या कडेने अंकाखाली अंक मांडले आहेत. दोघांचेही उत्तर चूकच, पण दोघांना शिकवायचे मात्र वेगवेगळे आहे. २.७ + १.५ या उदाहरणात दोन्ही संख्यांना एकच दशांश स्थळ आहे, तरी ते उपयोगी पडते. दोन्ही बाजू वेगळ्या मानणारे मूल ३.१२ लिहिते, कारण दहा दशांशांचा एक एकक होतो हे त्याला जाणवलेले नसते. वजाबाकीला ५ − १.७५ घ्या. ४.७५ हे उत्तर आले, तर वर काहीच नाही म्हणून मुलाने ७५ सरळ खाली उतरवले आहेत.

प्रश्न हाती आल्यावर कृती निवडणे सोपे जाते, कारण कृतीने काय साधायचे ते आता ठरलेले असते. इथे पुस्तकाचा क्रम थोडा बदलावा असे माझे स्पष्ट मत आहे. दशांश अपूर्णांकाची ओळख पुष्कळदा रुपये-पैशांनी केली जाते. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर भाग झाले, तेव्हा हे उदाहरण तर्काने बरोबरच आहे. पण आजच्या मुलांच्या हातात पैसे नाहीत. २५ पैशांची आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. रुपयाचा दहावा भाग पाचवीतल्या मुलाने कधी पाहिलेलाच नाही. शिवाय किंमत नेहमी १२.५० अशी दोन अंकांनी लिहिली जाते. त्यामुळे चिन्हाच्या डावीकडे रुपये, उजवीकडे पैसे, अशा दोन वेगळ्या वस्तू मुलाच्या मनात घट्ट होतात, आणि ३.२९ हे उत्तर याच समजुतीतून येते. म्हणून रुपये-पैसे सोडू नका, पण ते शेवटाकडे ठेवा. सुरुवातीला असे साधन हवे ज्यात पूर्ण, दशांश आणि शतांश ही एकाच वस्तूची मापे डोळ्यांना दिसतील. ते साधन म्हणजे लांबी.

प्रत्येक गटासाठी जुन्या दिनदर्शिकेच्या जाड कागदाच्या एक मीटर लांबीच्या दोन पट्ट्या करा. त्यांवर खुणा करायच्या नाहीत. १० सेंटिमीटरचे दहा तुकडे आणि १ सेंटिमीटरचे वीसेक तुकडे वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा. एका रंगाचे सगळे दशांश, दुसऱ्या रंगाचे सगळे शतांश. पहिल्या दिवशी फक्त पट्टी आणि दशांश तुकडे द्या. समजा बाक १ मीटर २६ सेंटिमीटरचा आहे. मुले एक पट्टी लावतात, पुढे दोन तुकडे लावतात, आणि मग थोडी जागा उरते जिथे तिसरा तुकडा बसत नाही. त्यांना ‘१.२ आणि थोडं’ असेच लिहू द्या. दुसऱ्या दिवशी त्या ‘थोड्या’साठी शतांशांचे पाकीट उघडा. कुणी १.२.६ असे दोन टिंबे देऊन लिहील. त्याला लगेच खोडू नका. ३२६ लिहिताना शतक आणि दशक यांच्यामध्ये टिंब का देत नाही, हे त्यालाच विचारा. चिन्हाचे काम फक्त एकक कुठे आहे हे दाखवण्याचे, बाकी स्थाने आपापल्या क्रमाने ओळखली जातात, हे इथे फळ्यावर न सांगताही निघते.

या कृतीत मोजायच्या वस्तू मात्र वाटेल त्या देऊ नयेत. वर्गात सापडेल ते मोजा म्हटले की मुले रमतात, पण ज्या लांबीतून प्रश्न उभा राहायला हवा ती लांबी समोर येईलच असे नाही. म्हणून कापडी फितीचे तुकडे आधीच कापून ठेवा: १.५ मीटर, १.०५ मीटर, ०.८ मीटर आणि ०.०८ मीटर. १.०५ मीटरच्या फितीला एक पट्टी आणि पाच शतांश तुकडे लागतात, दशांश तुकडा एकही लागत नाही. बहुतेक गट १.५ लिहितात. शेजारच्या गटाने खऱ्या १.५ मीटरच्या फितीलाही तेच लिहिलेले असते. दोन्ही फिती फळ्याखाली शेजारीशेजारी धरा. जवळजवळ अर्ध्या मीटरचा फरक आणि लिहिलेली संख्या एकच, हे मुलांना चालत नाही. रिकाम्या दशांशाच्या जागी शून्य लिहिण्याची गरज ती स्वतःच बोलून दाखवतात. मला विचाराल तर हा सगळ्या घटकाचा गाभा आहे. तास संपत आला म्हणून इथे घाई करू नका.

०.४ आणि ०.४० साठी दहा बाय दहाची चौकट घ्या. चार उभे रकाने रंगवले की चाळीस घरे आपोआप रंगतात. तुलनेसाठी संख्यारेषा हवीच, पण दोन दशांशांमधल्या जागेचे पुन्हा दहा भाग पाडून घेतल्याशिवाय ती शतांशासाठी उपयोगी पडत नाही.

बारा तासिका अशा वाटता येतील. पहिल्या तासिकेला दहा मिनिटांची पूर्वचाचणी: ३४७ मधील ४ ची स्थानिक किंमत, एका पट्टीचा ३/१० भाग रंगवणे, ३/१० आणि ३०/१०० यांचे नाते, एका मीटरमध्ये किती सेंटिमीटर. सममूल्य अपूर्णांकाचा प्रश्न बऱ्याच मुलांना जमला नाही, तर उरलेला तास त्यासाठीच द्या, कारण त्यावाचून दुसरे उद्दिष्ट पुढे सरकत नाही. दुसरी ते चौथी तासिका पट्ट्या आणि फितींची. पाचवीत स्थानिक किमतीचा तक्ता आणि शंभर घरांची चौकट. सहावीत तुलना, आणि शेवटच्या पाच मिनिटांत ती तीन जोड्यांची चिठ्ठी. सातवी तासिका नियोजनात कोरी ठेवा. आठवी-नववी बेरीज-वजाबाकीला, दहावी रुपये-पैसे, लिटर-मिलिलिटर यांना. चाचणी अकराव्या तासिकेला घ्या, बाराव्या नाही.

सातव्या तासिकेपुढे ‘चिठ्ठीवरून ठरवणे’ एवढेच लिहा. तिचा उपयोग कसा होतो ते एका कल्पित वर्गावरून पाहा. ३० चिठ्ठ्या तपासल्या आणि चार गठ्ठे झाले. बारा मुलांची पहिली जोडी चूक, दुसरी बरोबर. पाच मुलांचे नेमके उलटे. चार मुलांची फक्त तिसरी जोडी चुकली. नऊ मुलांचे सगळे बरोबर. याच वर्गाला ३.२५ आणि ३.५२ विचारले असते तर बहुधा तिसांच्या तीस मुलांनी बरोबर सांगितले असते आणि आपण बेरजेकडे वळलो असतो. आता बारा मुलांना पट्ट्यांवर ०.५ आणि ०.४५ उभे करायला द्या. पाच दशांश तुकडे आणि चार दशांश पाच शतांश शेजारी ठेवले की फरक पाच सेंटिमीटरचा दिसतो. पाच मुलांना २.३ आणि २.८६ हवे. दोन मीटर दोन्हीकडे सारखेच, म्हणून पुढचे ०.३ आणि ०.८६ एवढेच रचले तरी चालते, फक्त एक दशांश तुकडा शेजारच्या गटाकडून घ्यावा लागेल. चार मुले तीन दशांश तुकड्यांवर तीस शतांश तुकडे रचून पाहतील, त्यासाठी शेजारच्या गटाचे पाकीट मागून घ्यावे लागेल. आणि नऊ जणांना काम द्या: इतर फसतील अशा पाच जोड्या तयार करा, आणि प्रत्येक जोडीत फसणारा काय समजून फसेल तेही लिहा. हे काम हुशार मुलांनाही सोपे जात नाही. संख्येच्या दिसण्याला न फसता तिच्या किमतीचा विचार करायला त्यातून ती शिकतात.

दहाव्या तासिकेला एक सावधगिरी बाळगायला हवी. टिंब दिसले म्हणजे दशांश चिन्ह, असे आपल्या रोजच्या लिखाणात नसते. शाळा १०.३० ला भरते, म्हणजे साडेदहाला, पण १०.३ ला नव्हे. क्रिकेटमध्ये ४.३ षटके म्हणजे चार षटके आणि तीन चेंडू, आणि षटकात चेंडू सहाच. मुले हे दोन्ही रोज पाहतात. त्यांना प्रश्न विचारा: ४.३ षटकांनंतर आणखी तीन चेंडू टाकले, तर ४.६ लिहितात का? ५ लिहितात. मग इथे पुढचे स्थान दहाव्या भागाचे आहे का? या चर्चेला दहा मिनिटे द्या. दशांश म्हणजे काय, हे दशांश नसलेल्या उदाहरणाशेजारी ठेवले की जास्त स्पष्ट होते.

घटक चाचणी २० गुणांची असेल तर गुण उद्दिष्टांना वाटा, सरावसंचांच्या लांबीला नाही. पहिल्याला ३, दुसऱ्याला ४, तिसऱ्याला ६, चौथ्याला ७, असा संविधान तक्ता चालेल. चौथ्या उद्दिष्टातले चार गुण एका उदाहरणाला द्या: पाच मीटर फीत आणली. तिच्यातून १.७५ मीटर, ०.८ मीटर आणि २.०५ मीटरचे तुकडे कापले. किती मीटर फीत उरली? ती किती सेंटिमीटर? बेरीज ४.६, उरली ०.४ मीटर, म्हणजे ४० सेंटिमीटर. मांडणीला एक गुण, बेरजेला एक, वजाबाकीला एक आणि सेंटिमीटरला एक. शेवटचा गुण सगळ्यांत बोलका. गणित बरोबर करूनही ‘४ सेंटिमीटर’ लिहिणारे मूल पट्ट्यांकडे पुन्हा न्यायला हवे. ०.४ आणि ०.४० दोन्ही उत्तरे बरोबर धरा आणि तसे उत्तरसूचीत आधीच नोंदवा, म्हणजे दुसऱ्या तुकडीचे शिक्षक वेगळे गुण देणार नाहीत. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदींसाठी वेगळे काही घडवायची गरज नाही. फिती मोजण्याचे काम प्रात्यक्षिकात जाते, संख्यारेषेवरची चर्चा तोंडी कामात.

वही बंद करण्याआधी एक तपासणी करा. एका पानावर तीन रकाने आखा: उद्दिष्ट, त्यावरचा प्रश्न, त्यासाठीची कृती. उद्दिष्टापुढे प्रश्न नसेल तर ते उद्दिष्ट केवळ कागदावर आहे. प्रश्न आहे पण कृती नसेल, तर जे शिकवले नाही ते आपण विचारत आहोत. आणि एखादी कृती कोणत्याच उद्दिष्टापुढे बसत नसेल, तर ती कितीही आवडती असली तरी काढा. दशांश अपूर्णांकांचा रंगीत तक्ता करून भिंतीवर लावणे ही कृती माझ्या पाहण्यात बहुधा अशीच निघते. मुले दीड तास अक्षरे रंगवतात आणि ०.४५ कुठे बसते याचा विचार कुणीच करत नाही. सरावसंचातली सारख्या स्थळांची उदाहरणेही इथे कमी करता येतात. प्रत्येक प्रकारची दोन-तीन वर्गात, उरलेली घरी.

बाराव्या तासिकेला तपासलेल्या उत्तरपत्रिका परत द्या, पण एकूण गुणांऐवजी चार उद्दिष्टांचे चार आकडे लिहून. प्रत्येक मुलाने आपल्या सगळ्यांत कमकुवत उद्दिष्टावरचे एक नवे उदाहरण त्याच तासाला सोडवावे. ही उदाहरणे चार रंगांच्या कागदांवर आधी लिहून ठेवा. वहीच्या शेऱ्यात ‘घटक समाधानकारक झाला’ असे लिहू नका. कोणत्या प्रश्नाला किती मुलांनी कोणते चुकीचे उत्तर दिले ते लिहा: ‘३.४ + ०.२५ ला सात जणांचे ३.२९’. पुढच्या इयत्तेत दशांश अपूर्णांकांचा गुणाकार येतो तेव्हा त्या शिक्षकांना पहिल्या दिवशी याच ओळीचा उपयोग होतो.